शेरा आला, कागद नाही

जुन्या कचेरीत काम केलेल्या माणसाला शेरा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अर्ज साहेबांच्या टेबलावर जायचा, साहेब समासात चार शब्द लिहायचे, खाली लफ्फेदार सही ठोकायचे आणि शिपाई तो कागद पुढच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’, ‘चर्चा करावी’, ‘पाहून सांगावे’. शेरा कितीही मोघम असला तरी त्यात एक सोय होती. तो ज्या कागदाबद्दल असे, त्याच कागदावर लिहिलेला असे. कागद मागे राहिला आणि नुसता शेरा पुढे गेला, असं होणं शक्यच नव्हतं.

ईमेलने ते शक्य करून दाखवलं. ‘सी बिलो’ हा आजच्या ऑफिसांतला बहुधा सगळ्यात लाडका शेरा. कुणाचा तरी मेल आला, तो आपल्या कामाचा नाही किंवा दुसऱ्याने करायचा आहे, की वर दोन शब्द टाकायचे आणि पुढे ढकलायचा. दिवसातून दहा वेळा हे सुरळीत होतं. एखाद्या वेळी मात्र मेल उघडावा तर ‘सी बिलो’, त्याखाली साहेबांचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर आणि पुढे पांढरं. ‘हा मजकूर गोपनीय आहे, तो आपल्यासाठी नसल्यास त्वरित नष्ट करावा’ ही इंग्रजी ताकीद तेवढी हमखास पोचलेली असते. गोपनीय मजकूर कुठे आहे, एवढंच कळत नाही.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. खालचं गेलं कुठे, आणि साहेबांना हे सांगायचं कसं? पहिला प्रश्न यंत्राचा आणि दुसरा माणसांचा, असं समजून लोक ते वेगळे ठेवतात. माझ्या मते ते एकच आहेत. मजकूर कुठल्या टप्प्यावर गळला हे ओळखता आलं, तर उत्तर कुणाला द्यायचं, त्यात काय मागायचं आणि कशाचा उल्लेखही करायचा नाही, हे आपोआप ठरतं.

आधी फॉरवर्ड म्हणजे काय होतं ते पाहू. आपल्याला वाटतं, आलेला मेल आपण उचलून पुढे दिला. तसं नसतं. मूळ मेल आपल्याच इनबॉक्समध्ये जागच्या जागी राहतो. फॉरवर्डचं बटण दाबलं की मेलचा प्रोग्राम एक कोरा नवा मेल उघडतो, त्यात जुन्या मेलचा मजकूर उतरवून काढतो आणि त्याच्या डोक्यावर चार ओळींची पाटी लावतो: कुणाकडून, केव्हा, कुणाला, विषय काय. जीमेलमध्ये या पाटीवर ‘Forwarded message’ असं लिहिलेलं असतं. आउटलुकमध्ये नुसती From, Sent, To, Subject अशी उतरंड असते. ही नक्कल आहे आणि ती लिहिण्याच्याच चौकटीत असते, म्हणजे पाठवणाऱ्याला ती खोडता येते, अर्धी ठेवता येते, चुकून सगळी उडवताही येते. पाठवलेल्या मेलचा मूळ मेलशी मग काही संबंध उरत नाही. ‘खाली पाहा’ असं लिहिलंय म्हणून खाली काही आहे का, हे यंत्र तपासत नाही. काही प्रोग्राम ‘अटॅच्ड’ असा शब्द दिसला आणि फाइल नसली तर टोकतात. ‘सी बिलो’ला अशी राखण नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ऑफिस सीएचं, कारण तिथे मुदतीला धार असते. सीएकडे उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींना तिथे सगळे ‘आर्टिकल’ म्हणतात. अशा एका आर्टिकल मुलीला शुक्रवारी पाचला दहा कमी असताना सरांचा मेल येतो. विषय: `RE: Communication u/s 143(1)(a)`. मजकूर: ‘सी बिलो. प्लीज हँडल.’ खाली काही नाही. फाइलही जोडलेली नाही. मेल तिला आला आहे आणि तिच्या नावाशेजारी त्या क्लायंटचाही पत्ता आहे. सर त्यानंतर लगेच बाहेर पडलेले आहेत.

विषयावरून एवढं कळतं की १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १४३(१)(अ) खालची ही सूचना असावी. बंगळुरूचं केंद्र रिटर्न तपासतं. रिटर्नमधला आकडा आणि खात्याकडचा आकडा जुळला नाही तर ‘आम्ही अमुक बदल करणार आहोत, तुमचं काय म्हणणं?’ असं विचारतं. उत्तराला सूचना निघाल्या दिवसापासून तीस दिवस असतात. उत्तर दिलं नाही तर खातं आपला आकडा धरून पुढे जातं. म्हणजे सूचनेची तारीख हीच इथली कळीची गोष्ट, आणि नेमकी तीच न पोचलेल्या भागात आहे.

पहिली पायरी आपल्या बाजूची. उत्तर लिहिण्याआधी दोन-तीन गोष्टी बघून घ्याव्यात, नाहीतर सरांना ‘खाली काही नाही’ म्हणून कळवायचं आणि मग ते आपल्याच स्क्रीनवर घडी होऊन पडलेलं सापडायचं. जीमेल एकाच संभाषणातला आधी येऊन गेलेला मजकूर लपवतं आणि त्याजागी तीन ठिपक्यांचं एक छोटं बटण ठेवतं. मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं. त्यावर बोट ठेवलं की खालचं सगळं उलगडतं. मेल फार लांब असेल, साधारण १०२ केबीच्या वर, तर जीमेल तो मध्येच कापून ‘View entire message’ अशी ओळ दाखवतं. काही वेळा मूळ मेल म्हणजे एक चित्रच असतं: स्कॅन केलेलं पत्र किंवा बँकेची रंगीत जाहिरात. चित्रं दाखवायची नाहीत अशी आपली सेटिंग असेल, किंवा वाटेतल्या सुरक्षा गाळणीने ती काढून टाकली असतील, तर पाटी दिसते आणि पाटीखाली पांढरं. म्हणून तोच मेल मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे उघडून बघावा. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘Show original’ असतं. त्यात मेल जसा आला तसा, कच्च्या स्वरूपात दिसतो. तिथे ‘सी बिलो’नंतर खरोखरच काही नसेल तर आपली बाजू सुटली.

आमच्या उदाहरणातली मुलगी हे सगळं करते. पाचेक मिनिटांचं काम. आता पुढची पायरी: गळती कुठे झाली?

इथे मेलच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात. पाटी आहे पण पाटीखाली मजकूर नाही, असं असेल तर शेवटच्या माणसाने आपलं काम नीट केलंय. त्याच्याकडेच मजकूर धड आला नसावा. म्हणजे गळती एक घर मागे, इथे क्लायंटकडे. पाटीच नसेल तर मजकूर शेवटच्या हातात सुटला: निवडून खोडला गेला, किंवा मुळात उतरलाच नाही. तिसरी शक्यता अशी की जुना मेल मजकूर म्हणून न उतरवता फाइल म्हणून जोडला गेला. आउटलुकमध्ये तशी सेटिंग असते आणि जीमेलमध्येही ‘Forward as attachment’ आहे. मग मेलला पिन लावलेली दिसते आणि एक .eml किंवा .msg फाइल असते, जी मोबाइलवर बऱ्याचदा उघडत नाही. ‘खाली’ नसतं, पण ‘सोबत’ असतं.

सरांच्या मेलला पाटी नाही, पिन नाही. मग सरांनी खोडलं का? इथे घाई करू नये. आउटलुकमधून फॉरवर्ड केलं की जुन्या मेलच्या फाइली आपोआप बरोबर जातात. मजकूर खोडला तरी फाइल राहते. क्लायंटने खात्याची पीडीएफ पाठवली असणारच, ती गेली कुठे? आणि विषयाच्या सुरुवातीला पाहा: `RE:` आहे. आउटलुकमधून फॉरवर्ड केलं असतं तर `FW:` आलं असतं, जीमेलमधून केलं असतं तर `Fwd:`. (या खुणा मोजून मेल किती हातांतून फिरला ते मात्र सांगता येत नाही, काही प्रोग्राम जुनी खूण काढून नवी लावतात.) त्यात क्लायंटचं नाव पत्त्यात आहे. फॉरवर्डमध्ये पत्त्याची जागा कोरी उघडते; रिप्लायमध्ये मूळ पाठवणारा आधीच भरलेला असतो.

म्हणजे फॉरवर्ड म्हणून आलेला हा मेल मुळात फॉरवर्ड नव्हताच. सरांनी क्लायंटच्या मेलवर रिप्लाय दाबला, पत्त्यात मुलीचं नाव वाढवलं, दोन शब्द लिहिले आणि पाठवून दिलं. रिप्लायमध्ये फाइली जात नाहीत, आणि त्यामागचा विचार सरळ आहे: ज्याने फाइल पाठवली त्यालाच ती परत कशाला पाठवायची? नव्याने जोडलेल्या तिसऱ्या माणसाचा विचार त्यात नाही. पण मजकूर तरी खाली यायला हवा होता. त्याचंही उत्तर आउटलुकमध्येच आहे. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये File, Options, Mail असं गेलं की ‘Replies and forwards’ नावाचा भाग लागतो. ‘When replying to a message’च्या पुढच्या यादीत ‘Do not include original message’ हा पर्याय असतो. फॉरवर्डच्या यादीत तो नसतो, नसणारच. मेल लांबत जातात म्हणून कुणीतरी, कधीतरी हा पर्याय निवडून ठेवलेला असतो आणि मग विसरलेला असतो. रोजच्या उत्तरांत काही बिघडत नाही, कारण समोरच्याला काय विचारलं होतं ते ठाऊक असतं. बिघडतं ते फक्त रिप्लायचा फॉरवर्ड म्हणून उपयोग केल्यावर.

एका कारणाने चारही खुणांचा उलगडा झाला: `RE:`, पत्त्यातला क्लायंट, गायब पाटी, गायब पीडीएफ. असं एकच कारण सगळ्या खुणांना पुरत असेल तर ते बहुधा खरं असतं.

आता उत्तर. इथवरचा तपास सरांना सांगायचा नाही. हे महत्त्वाचं आहे आणि हुशार मुलांना ते जड जातं. ‘सर, आपण फॉरवर्डऐवजी रिप्लाय दाबलंत आणि आपल्या सेटिंगमध्ये अमुक पर्याय निवडलेला आहे’ हे शंभर टक्के बरोबर असलं तरी मेलमध्ये लिहायचं नाही, कारण सरांनी जे काम दिलं ते नोटिशीचं होतं, आउटलुकच्या शिकवणीचं नव्हे. तपासाचा उपयोग वेगळा आहे. त्यावरून कळलं की मूळ मेल सरांकडे शाबूत आहे, म्हणून क्लायंटकडे मागायची गरज नाही. कळलं की सरांनी पुन्हा रिप्लायच केला तर पुन्हा तेवढंच येणार, म्हणून ‘परत पाठवा’ असं न म्हणता ‘फॉरवर्ड करा’ असं म्हणायला हवं. आणि कळलं की उत्तरात क्लायंट आपोआप येऊ शकतो, म्हणून ‘Reply all’ला हात लावायचा नाही. सरांच्या मेलमध्ये काही नव्हतं ही गोष्ट क्लायंटसमोर मांडायची नसते. त्याला कळली तरी आपल्या तोंडून कळू नये.

आपल्याकडे अशा वेळी लोक काय करतात ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यात जास्त जण काहीच करत नाहीत. सोमवारी सर विचारतील तेव्हा बघू. त्याच्या खालोखाल ‘नोटेड सर’ म्हणणारे. हा प्रकार मला गप्प राहण्याहून वाईट वाटतो, कारण आता सरांच्या डोक्यातून ते काम उतरलं आणि मुलीच्या डोक्यात चढलंच नाही. काही जण नुसतं प्रश्नचिन्ह पाठवतात. काही जण ‘सर, खाली काही नाहीये’ एवढंच. त्यात खोटं काही नाही, पण सरांनी आता काय करायचं ते सरांवरच सोडलेलं असतं. उलट टोकाला अति विनय असतो: ‘सर, बहुतेक माझ्याच सिस्टिममध्ये काहीतरी प्रॉब्लेम असावा, माफ करा.’ हा विनय महागात पडतो. सर सरळ विश्वास ठेवतात, कॉम्प्युटरवाल्याला फोन करून तिचं मशीन बघायला सांगतात, आणि मूळ मेल आहे तिथेच राहतो. दुसऱ्याची चूक झाकण्यासाठी आपल्यावर खोटी चूक ओढून घेतली की दुरुस्ती भलत्या जागी होते.

चांगल्या उत्तरात आपल्याला काय दिसतं ते सांगावं, त्यांनी काय केलं ते नाही. मुलीने पाठवलेलं उत्तर असं असावं (ऑफिसात ते इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतो):

‘सर, नमस्कार. आपला ४.५० चा मेल मिळाला. माझ्याकडे त्यात “सी बिलो, प्लीज हँडल” एवढाच मजकूर दिसतो आहे. सूचनेचा मेल आणि पीडीएफ माझ्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे पाहिलं. विषयावरून ही १४३(१)(अ) ची सूचना असावी. क्लायंटचा मूळ मेल मला फॉरवर्ड केलात तर लगेच सुरू करते. किंवा आपली परवानगी असेल तर पोर्टलवरून सूचना उतरवून घेते. तारीख कळली की तीस दिवस कधी संपतात तेही कळवते. तोवर त्यांचं रिटर्न, २६एएस आणि एआयएस काढून ठेवते आहे.’

यात काय आहे आणि काय नाही, ते बघा. ‘आपण पाठवायला विसरलात’ नाही, तसंच ‘माझी चूक’ही नाही. ‘पोचलेली दिसत नाही’ हे अक्षरशः खरं आहे आणि त्यात कुणाकडे बोट नाही. दोन्हीकडे पाहिल्याचं एका वाक्यात सांगितलंय, म्हणजे ‘नीट बघ ना’ हे उत्तर येणार नाही. सरांना करायचं काम एकाच कृतीचं आहे, फॉरवर्ड दाबणं. आणि सर गाडीत असतील, लग्नाला गेले असतील, तर तेही न करता ‘हो, पोर्टलवरून घे’ एवढं म्हणून मोकळं होता येईल. आयकराच्या पोर्टलवर क्लायंटच्या लॉगिनमध्ये ‘Pending Actions’खाली ‘e-Proceedings’मध्ये अशा सूचना असतात. लॉगिन ऑफिसकडे असलं तरी परवानगी विचारली आहे, कारण क्लायंटचं खातं उघडायला कामाचा आदेश लागतो आणि तो आदेशच अर्धा आलेला आहे. मुदतीचा उल्लेख तक्रार म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून आला आहे. पण तो वाचून सर उत्तर सोमवारवर टाकणार नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. तिने ‘पूर्ण ट्रेल पाठवा’ असं लिहिलेलं नाही, सूचनाच मागितली आहे. मेलच्या शेपटीत बरंच काही लोंबत असतं. सर आणि क्लायंट यांच्यात फीबद्दल काय बोलणं झालं, कुणाबद्दल काय मत दिलं गेलं, हे आर्टिकलच्या वाचनासाठी नसतं. काही वेळा पाठवणारा तेच कापायला जातो आणि हवं ते नको त्याबरोबर कापलं जातं. आपण कामापुरतं मागितलं की त्याला निवडून पाठवायला जागा राहते.

उत्तराखाली सरांचा तो दोन शब्दांचा मेल मात्र राहू द्यावा, खोडू नये. आपल्या रिप्लायखाली तो उतरतोच. सर उत्तर उघडतील तेव्हा आपण काय पाठवलं होतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि जे आपण बोलायचं टाळलं ते त्यांचं त्यांना कळेल. विषयाची ओळही बदलू नये, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागत नाही.

एवढं करूनही दुसऱ्यांदा तोच मेल आला तर? येतो. सर मोबाइलवरून ‘सेंट अगेन’ असं लिहून पुन्हा रिप्लाय दाबतात. आता तेच उत्तर पुन्हा पाठवू नये. दुसऱ्या वेळी तेच वाक्य टोमण्यासारखं वाचलं जातं. फोन करावा. ‘सर, मेल मिळाला, पण पीडीएफ आली नाही. पोर्टलवरून घेऊ का?’ दहा सेकंदांत ‘हो घे’ मिळतं. आणि सेटिंगचं? ते सर ऑफिसात असताना, केबिनमध्ये, दुसरं कुणी नसताना. ‘सर, रिप्लायमध्ये खालचा मजकूर जात नाही असं दिसतंय, बदलून देऊ का?’ एवढं बस. बरेच सर लगेच खुर्ची सरकवून देतात.

गळती सरांकडे नसून क्लायंटकडे असती तर सूर थोडा बदलला असता. क्लायंटला ट्रेल, .eml, रिप्लाय हे शब्द ऐकवायचे नसतात. ‘आपला मेल मिळाला, त्यासोबतची खात्याची पीडीएफ इकडे उघडत नाही आहे, मूळ मेल आला आहे तिथून फॉरवर्ड केलात किंवा पीडीएफ वेगळी पाठवलीत तरी चालेल’ असं, सरांच्या माहितीने. मात्र पीडीएफ आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये मागू नये. आयकर खात्याच्या अशा पीडीएफला बहुतेक वेळा पॅन आणि जन्मतारीख मिळून पासवर्ड असतो, आणि या दोन गोष्टी ऑफिसच्या फाइलीत असतातच.

सुरक्षेचीही एक गोष्ट यातच येते. खाली काही नसलेला, ‘सी बिलो’ म्हणणारा मेल ओळखीच्या नावाने एखादा भामटाही पाठवू शकतो. आपण ‘सर, काही दिसत नाही, हे अमुक क्लायंटचं आहे का?’ असं उत्तर दिलं की त्याला पत्ता चालू असल्याचं कळतं आणि क्लायंटचं नावही फुकटात मिळतं. मोबाइल फक्त नाव दाखवतो. नावावर बोट ठेवून खरा पत्ता बघावा, तो ऑफिसचाच आहे ना याची खात्री करावी आणि मगच वरचं उत्तर पाठवावं. पत्ता अनोळखी असेल तर उत्तरच देऊ नये, सरांना फोन करावा.

हे सगळं ज्याला मेल मिळाला त्याच्या बाजूने झालं. पाठवणाऱ्यांना मात्र माझी एक विनंती आहे. ‘सी बिलो’ लिहायचं सोडून द्या, किंवा त्याच्या पुढे एक ओळ वाढवा. ‘अमुक क्लायंटला आलेली १४३(१)(अ) ची सूचना खाली आहे, मुदत बघून उत्तराचा मसुदा मंगळवारपर्यंत दे.’ खालचा मजकूर गळला तरी ही ओळ वरच आहे; काय आलं, कुणाचं आलं, कधीपर्यंत करायचं, हे तिच्यावरून कळतं. कचेरीतल्या पत्राच्या तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ लिहिण्याआधी वर सोबत काय काय आहे ते लिहावं लागायचं, ते याचसाठी. आणि महत्त्वाचं काही पुढे पाठवलंत की एकदा ‘Sent’मध्ये जाऊन तो मेल उघडून बघा. तिथे पाटी आणि पिन दिसली नाही, तर ती समोरच्याकडेही पोचलेली नाही.